किर्लोस्करांचा नांगर कोणाच्या बाजूने साक्ष देतो?

गरीब देश गरीब का राहतात, या प्रश्नाला समाजमाध्यमांवर एक ठरलेले उत्तर मिळते : तिथल्या माणसांची मानसिकताच मागास. हे उत्तर वाटते तितके बाळबोध नाही. अमेरिकी अर्थतज्ज्ञ वॉल्ट रोस्टो यांनी १९६० साली त्याला सिद्धान्ताचे रूप दिले. प्रत्येक समाज पारंपरिक अवस्थेतून निघतो, नव्या दृष्टीची माणसे पुढे येतात, भांडवल साचते आणि अर्थव्यवस्था ‘उड्डाण’ घेते. जो मागे राहिला, त्याने अजून जिना चढायला घेतलेला नाही, एवढेच. यालाच आधुनिकीकरणाचा सिद्धान्त म्हणतात.

आपल्याकडे त्याचा लाडका पुरावा म्हणजे लक्ष्मणराव किर्लोस्करांचा लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती आणि पहिले नांगर खपायला दोन वर्षे लागली. द्रष्टा उद्योजक विरुद्ध अडाणी कुणबी, गोष्ट तयार! मला या गोष्टीचा राग येतो, कारण ती अर्धीच सांगितली जाते.

उरलेली अर्धी अशी. लक्ष्मणराव मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत होते. हक्काची बढती डावलली गेली म्हणून त्यांनी ती नोकरी सोडली. पुढे बेळगावात कारखाना जम धरू लागला, तोच तिथली जागा सोडावी लागली. अखेर १९१० साली त्यांना जमीन आणि कर्ज दिले ते औंध संस्थानच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी. कुंडलजवळचा तो माळ म्हणजे आजची सांगली जिल्ह्यातली किर्लोस्करवाडी. बुद्धी, चिकाटी, ‘आधुनिक मन’ हे सारे मुंबईतही त्यांच्यापाशी होतेच. तिथे अडले ते मनापाशी नव्हे.

इथे दुसरा सिद्धान्त उपयोगी पडतो. आंद्रे गुंडर फ्रँक यांनी १९६६ साली लॅटिन अमेरिकेच्या इतिहासावरून मांडले की दारिद्र्य ही विकासाच्या आधीची पायरी नसते. महानगरी केंद्र आणि त्याचा परीघ एकाच व्यवस्थेत बांधलेले असतात; परिघाची संपत्ती केंद्राकडे वाहते आणि त्यातूनच परिघाचे मागासलेपण घडते. हाच अवलंबित्वाचा सिद्धान्त. (दादाभाई नौरोजींचा संपत्तीच्या निःसारणाचा विचार ज्याने वाचला आहे, त्याला यात ओळखीचा सूर ऐकू येईल.) फ्रँक पुढे म्हणतात की केंद्राशी असलेले बंध सैल होतात, तेव्हाच परिघावर उद्योग उभे राहतात, महायुद्धे हा त्यांचा आवडता दाखला. पहिल्या महायुद्धात विलायती मालाची आवक घटली आणि देशी कारखान्यांना मोकळीक मिळाली. ब्रिटिश मुलखाला वळसा घालून एका चिमुकल्या संस्थानात वाढलेला कारखाना हे याचे जणू पाठ्यपुस्तकी उदाहरण.

तरीही सगळा निकाल फ्रँक यांच्या पारड्यात टाकणे मला मान्य नाही. ज्या युद्धाने विलायती नांगर थांबवले, त्यानेच किर्लोस्करवाडीत कच्च्या लोखंडाचीही टंचाई आणली. बंध तुटले की बेड्यांबरोबर पुरवठाही तुटतो. शिवाय माळ निवडताना कुंडल रोडचे रेल्वे स्थानक हाताशी होते, आणि तो लोहमार्ग इंग्रजी अमदानीतलाच.

खरी कसोटी मात्र आटपाडी आहे. आटपाडीही औंध संस्थानातच होती : तोच राजा, तीच भाषा, त्याच चालीरीती, केंद्रापासून तेवढेच अंतर. मग तिथे किर्लोस्करवाडी का झाली नाही? आटपाडी पर्जन्यछायेत आहे, रेल्वेपासून आणि कृष्णेपासून दूर आहे. कृष्णेचे पाणी उपसून त्या बाजूला नेणारी टेंभू योजना हाती घेतली गेली, तीच मुळी १९९० च्या दशकात. तोवर नदीकाठचा ऊसपट्टा साखर कारखान्यांसह उभा राहून जुना झाला होता. केंद्र आणि परीघ लंडन आणि मुंबईपुरते नसतात. एका जिल्ह्यात, एकाच नदीच्या खोऱ्यातही असतात. साहेब गेल्यावर ही दुसरी उतरंड आपणच रचली, आणि फ्रँक यांचे नाव घेणारे आपले पुढारी तिच्याबद्दल क्वचितच बोलतात.

आता मानसिकतावाल्यांना एकच प्रश्न. खानापूर, आटपाडी, माण, खटाव या दुष्काळी तालुक्यांतली माणसे गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी वितळवून शुद्ध करण्याच्या धंद्यात देशभर पसरली आहेत. परक्या मुलखात, परक्या भाषेत, सराफांचा विश्वास कमावून त्यांनी भट्ट्या लावल्या. जोखीम घेणे, हिशेब ठेवणे, नवे तंत्र शिकणे, दूरच्या बाजाराचा अंदाज बांधणे : रोस्टोंना हवे ते सगळे गुण यांच्यात आहेत. तीच माणसे, तेच मन. मग गावी असताना ते ‘पारंपरिक’ आणि गाडीत बसताच ‘आधुनिक’ कसे होतात?