‘पोट बिघडलंय’ असं साहेबाला कळवू नका

माझ्या नणंदेची मुलगी इकडे रेडिंगला नोकरी करते. दर महिन्याला पाळीचा एक दिवस ती अंथरुणावरून उठू शकत नाही. मॅनेजर पुरुष, म्हणून कधी ‘पोट बिघडलंय’, कधी ‘डोकं दुखतंय’ असं कळवायची. सहा महिन्यांत सहा दिवस, सहा कारणं.

इंग्लंडमध्ये शनिवार-रविवार धरून सात दिवसांपर्यंतच्या आजारपणाला डॉक्टरचा दाखला लागत नाही. आपण लिहू तेच कारण नोंदवलं जातं. गोम इथेच आहे. अनेक कंपन्या ‘ब्रॅडफर्ड फॅक्टर’ लावतात: रजा किती वेळा घेतली त्या आकड्याचा वर्ग, गुणिले एकूण दिवस. सलग सहा दिवस घरी राहिलात तर आकडा येतो ६. तेच सहा दिवस सुटे घेतले तर २१६! एवढ्यावर अनेक ठिकाणी चौकशीची बैठक लागते, आणि तिथे सहा वेगळी कारणं म्हणजे चक्क बहाणेबाजी दिसते.

मुलीची आई साताऱ्याहून फोनवर म्हणाली, “वहिनी, साहेबाला असलं सांगतात का?” माझं मत, सांगावं. रक्तस्राव किती, गाठी पडतात का, हे सांगायची गरज नाही. पण दुखणं एकच आहे आणि त्याचा तपास चालू आहे, एवढं लेखी हवंच. आम्ही दोघींनी बसून इंग्रजीत मेल लिहिला, त्याचा मजकूर साधारण असा:

“पाळीच्या तीव्र वेदनांमुळे आज कामावर येऊ शकत नाही. गेल्या सहा महिन्यांतल्या माझ्या सगळ्या एकेक दिवसाच्या रजा याच त्रासामुळे होत्या. तशी नोंद दुरुस्त करावी. जीपीने तपासण्या सुरू केल्या आहेत, सोनोग्राफीची तारीख मिळाली की कळवते. उद्या येता येईल का, ते सकाळी कळवेन. त्या दिवशी घरून काम करण्याबद्दल आल्यावर बोलू या.”

‘एंडोमेट्रिओसिस’ हा शब्द आम्ही मुद्दाम घातला नाही. जीपीला तशी शंका आहे, निदान झालेलं नाही. आणि सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणजे आजार नाही, असंही नसतं. पोटाच्या आतल्या अस्तरावरचे बारीक डाग तिच्यात बरेचदा दिसत नाहीत. पुढे स्त्रीरोगतज्ज्ञाकडे, कधी लॅप्रोस्कोपीपर्यंत जावं लागतं. त्याला कित्येक महिने लागतात. म्हणून रिपोर्ट नॉर्मल आला तरी ‘आता ठीक आहे’ असं मॅनेजरला लिहायचं नाही. ‘पुढचा तपास चालू आहे’ असं लिहायचं.

आता ती एक वही ठेवते: तारीख, किती तास दुखलं, कोणती गोळी घेतली, रजा की घरून काम. तीच वही जीपीला दाखवायची. बैठक लागलीच तर त्यातल्या तारखा तिथेही उपयोगी पडतील.