निजामाचे भाषण आणि उत्तरपत्रिकेतील एक वाक्य

इतिहासाच्या प्रश्नपत्रिकेत मूळ साधनातील एखादा उतारा देऊन त्याची विश्वसनीयता तपासा, असे विचारले की बहुसंख्य उत्तरपत्रिकांत एक ठराविक वाक्य आढळते : ‘लेखक एका पक्षाचा असल्यामुळे हे साधन पक्षपाती असून अविश्वसनीय आहे.’ या वाक्याला गुणही मिळतात. वस्तुतः ते कोणत्याही उताऱ्याखाली लिहिता येते, आणि म्हणूनच त्यातून उताऱ्याविषयी काहीच कळत नाही.

बीड जिल्ह्यातील विद्यार्थ्याला जवळचे असे एक उदाहरण घेऊ. हा जिल्हा तेव्हा हैदराबाद संस्थानात होता. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा संस्थानात शिरल्या आणि १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. त्यानंतर २३ सप्टेंबरला मीर उस्मान अली खान यांनी नभोवाणीवरून भाषण केले. त्याचा आशय असा : गेल्या नोव्हेंबरात एका लहानशा निमलष्करी गटाने आपले पंतप्रधान छत्तारीचे नवाब आणि घटनाविषयक सल्लागार सर वॉल्टर मॉन्क्टन यांच्या घरांना वेढा घातला, नवाबांना राजीनामा देणे भाग पाडले, लायक अली यांचे मंत्रिमंडळ आपल्यावर लादले, कासीम रझवींच्या या गटाने हिटलरी पद्धतीने सत्ता बळकावली आणि आपण पूर्णतः असहाय झालो.

आता हे भाषण कोणासाठी होते? बोलणारा राजा लढाई हरलेला होता. गादीचे काय होणार, हे दिल्लीच्या हाती होते. हैदराबादची तक्रार संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीपुढे गेलेली होती आणि ती मागे घेत असल्याचे निजामाने आदल्याच दिवशी कळविले होते. म्हणजे श्रोता केवळ हैदराबादची रयत नव्हे. दिल्लीचे सरकार आणि बाहेरचे जगही होते. सारा दोष रझवींवर टाकून स्वतःला मोकळे करणे, हा हेतू उघड आहे.

परंतु हेतू सापडला म्हणजे काम संपले, असे नाही. इथूनच ते सुरू होते. भाषणात दोन निरनिराळी विधाने आहेत. पहिले घटनेविषयी आहे : घरांना वेढा पडला. ही घटना इतर साधनांतूनही सिद्ध होते. ती २७ ऑक्टोबर १९४७ च्या पहाटेची. निजामाने महिना नोव्हेंबर सांगितला, हा तपशिलाचा दोष आहे. त्याने मूळ घटना खोटी ठरत नाही. शिवाय ज्यांची घरे वेढली गेली ती माणसे हयात होती. ज्याचा खोटेपणा तात्काळ उघड झाला असता, असे विधान करण्यात वक्त्याचा लाभ नव्हता.

दुसरे विधान मनःस्थितीविषयी आहे : आपण असहाय होतो. इथे मात्र बोलणाऱ्याचा स्वार्थ थेट गुंतलेला आहे. ते तपासायला त्याचेच आधीचे साधन उपयोगी पडते. जून १९४७ मध्येच निजामाने फर्मान काढून, इंग्रजांची सार्वभौम सत्ता संपताच आपण स्वतंत्र होऊ, अशी भूमिका जाहीर केली होती. तेव्हा वेढ्याला चार महिने अवकाश होता. स्वतंत्र राहण्याची इच्छा रझवींनी त्यांच्यावर लादली नव्हती, एवढे यावरून ठरते. ऑक्टोबरनंतर त्यांच्यावर दडपण मुळीच नव्हते, असे मात्र यावरून सिद्ध होत नाही. पुराव्याची ही मर्यादा ओळखणे हाही उत्तराचाच भाग आहे.

तात्पर्य, एकच भाषण एका बाबतीत विश्वसनीय आणि दुसऱ्या बाबतीत संशयास्पद आहे. आणि तिसऱ्या बाबतीत, म्हणजे पराभूत निजाम दिल्लीपुढे कसा उभा राहू पाहत होता हे जाणण्यासाठी, त्याचा पक्षपात हाच उत्तम पुरावा आहे. म्हणून ‘विश्वसनीय आहे काय?’ या प्रश्नाआधी ‘कशासाठी?’ हे विचारले पाहिजे.

हीच कसोटी आपल्या बाजूच्या साधनांनाही लावावी लागेल. मुक्तिसंग्रामातील एखाद्या कार्यकर्त्याने अनेक वर्षांनी लिहिलेली आठवण त्याने पाहिलेल्या गावाविषयी मोलाची ठरते. निजामाच्या महालात काय शिजत होते, याविषयी तिचा अधिकार ऐकीव माहितीपुरताच राहतो. आदर आणि पुरावा यांची गल्लत करून चालणार नाही.

यात परीक्षकांचाही वाटा आहे. उताऱ्यावर वक्ता, तारीख आणि प्रसंग छापलेच नाहीत, तर विद्यार्थी हेतू आणि श्रोता कशावरून ओळखणार? प्रश्नही ‘अमुक बाबीसाठी हे साधन कितपत ग्राह्य?’ असा असावा, आणि गुण ‘पक्षपाती’ या शब्दाला न देता त्यामागे दिलेल्या कारणाला द्यावेत. कारण न देता साधन नाकारायला शिकलेला विद्यार्थी उद्या कारण न विचारता साधन स्वीकारीलही. मराठवाड्याचा १९४८ चा इतिहास आजही सभांतून परस्परविरोधी रीतीने सांगितला जात असताना हा धोका लहान नाही.