शंभरीचं रहस्य शोधण्याआधी जन्मतारीख तपासा

माझ्या अब्बांची जन्मतारीख १ जून. चाचांची १ जून आणि मोठ्या फुफींचीही १ जून. महाराष्ट्रात याचं कुणाला आश्चर्य वाटत नाही. शाळेत नाव घालताना गुरुजींनी अंदाजाने तारीख टाकली आणि पुढे तीच सगळ्या कागदांवर चढली. माझे नाना वारले तेव्हा ते १०४ वर्षांचे होते, असं घरात सगळे सांगतात. काही वर्षांनी जुन्या पेटीत त्यांच्या थोरल्या भावाचा शाळेचा दाखला सापडला. त्या हिशेबाने थोरला भाऊ हयात असता तरी तेव्हा शंभरीचा नसता. नाना फार तर नव्वदीचे असावेत. अम्मी आजही १०४ च म्हणते.

फॅमिली ग्रुपवर ‘ब्लू झोन’चे व्हिडिओ येतात तेव्हा मला हा दाखला आठवतो. जपानचं ओकिनावा, इटलीचं सार्डिनिया, ग्रीसचं इकारिया, कोस्टा रिकाचं निकोया. इथे शंभरी पार करणारे खूप, म्हणून ते खातात ते खा, ते जगतात तसं जगा, असा त्यांचा सल्ला असतो. माझा धंदा डेटाचा आहे, म्हणून माझा पहिला प्रश्न वेगळा असतो. हे शंभर वर्षांचे आहेत हे कशावरून?

एक साधा हिशेब करू. समजा, एखाद्या प्रदेशात खरोखर ९० वर्षांचे १०,००० लोक आहेत आणि खरोखर १०० वर्षांचे फक्त १००. आता समजा, शंभरातल्या एकाच्या कागदावर वय दहा वर्षांनी जास्त लागलंय. नव्वदीच्या १०,००० पैकी १०० जण कागदावर शंभरीचे होतील. उलट दिशेने तेवढीच चूक धरली, तर खऱ्या शंभरातला एकच जण नव्वदीत जाईल. म्हणजे यादीत १९९ शतायुषी दिसतील आणि त्यातले निम्मे खोटे असतील. एवढी छोटी चूक चाळिशीच्या लोकांच्या आकडेवारीत कळणारही नाही. पण शंभरीचे लोक मुळातच विरळ असतात, म्हणून तिथे चुका खऱ्या माणसांवर मात करतात. ११० वर्षांच्या यादीत तर हे आणखी वाढतं.

हे नुसतं कागदी गणित नाही. २०१० मध्ये टोकियोत १११ वर्षांच्या मानल्या गेलेल्या सोगेन काटो यांच्या घरी अधिकारी गेले, तेव्हा ते सुमारे तीस वर्षांपूर्वीच वारल्याचं उघड झालं. घरचे पेन्शन घेत होते. त्यानंतर जपानच्या कुटुंब-नोंदवह्या तपासल्या, तर शंभरीवरच्या २ लाख ३० हजारांहून जास्त लोकांचा पत्ताच लागेना. जपानमधली शतायुषींची अधिकृत गणती या वह्यांवरून होत नाही, हेही सांगायला हवं. पण मेलेला माणूस कागदावर किती सहज जिवंत राहतो, ते यातून कळतं. सॉल न्यूमन या संशोधकाने अमेरिकेतल्या नोंदी पाहिल्या. ज्या राज्यात जन्मदाखले नीट सुरू झाले, तिथे पुढे ११० वर्षं पार केलेल्यांची संख्या एकदम घसरलेली त्याला आढळली. या कामासाठी त्याला २०२४ मध्ये इग नोबेल मिळालं.

मग सगळंच खोटं का? तसंही नाही. सार्डिनियात मिशेल पुलाँ आणि जानी पेस यांनी गावोगावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदी एकमेकांशी ताडून वयं तपासली होती. आणि वय खरं निघालं तरी दुसरा प्रश्न उरतोच. शंभरीच्या म्हाताऱ्याला ‘तुम्ही काय खाल्लं?’ असं विचारलं, तर तेच खाऊन सत्तरीत गेलेला त्याचा शेजारी हिशेबात येतच नाही.

चांगला अभ्यास उलट दिशेने चालतो. कॅलिफोर्नियातल्या सुमारे ३४,००० अ‍ॅडव्हेंटिस्ट ख्रिश्चनांना १९७६ पासून बारा वर्षं असंच तपासलं गेलं. आधी सवयी नोंदवल्या आणि मग कोण कधी वारलं ते पाहिलं. इतर श्वेतवर्णीय कॅलिफोर्नियावासीयांपेक्षा त्यांचे पुरुष सुमारे ७ वर्षं आणि बायका सुमारे ४ वर्षं जास्त जगतील, असा अंदाज निघाला. सिगारेट न ओढणं, व्यायाम, वजन आणि आहार यांचा त्यात वाटा दिसला. पण इथेही मर्यादा आहे. कोणी कसं जगायचं हे चिठ्ठ्या टाकून ठरवलं नव्हतं. जो सिगारेट टाळतो तो इतर बाबतींतही जपून राहतो, त्यामुळे नेमका कशाचा किती फायदा झाला हे पूर्ण सुटं करता येत नाही. शिवाय या अभ्यासातून सरासरी आयुष्य वाढल्याचं दिसतं. शंभरी गाठायची कृती त्यात नाही.

माझ्या एका मामूंनी असाच व्हिडिओ पाहून बीपीची गोळी सोडली आणि ऑलिव्ह तेल सुरू केलं. महिनाभराने चक्कर येऊन पडले, तेव्हा बीपी दोनशेच्या जवळ होतं. आता गोळी पुन्हा चालू आहे. म्हणून असा व्हिडिओ आला की मी ग्रुपवर दोनच प्रश्न टाकतो. वय कुणी आणि कशावरून तपासलं? आणि तुलना कुणाशी केली? अजून कुणी उत्तर दिलेलं नाही, पण मामू आता पुढे पाठवण्याआधी मला फोन करतात.