खालच्या जागेचा फोन आला, तर काय लिहावे?

वाचकहो, अनुभवाची दहा-बारा वर्षे झालेल्या माणसाला एक दिवस कन्सल्टंटचा फोन येतो आणि तो नवशिक्याची जागा पुढे करतो. आपली माणसे अशा वेळी दोनपैकी एक गोष्ट करतात. अपमान झाला असे समजून फोन ठेवतात, नाहीतर संकोचाने 'बघतो, कळवतो' म्हणून गप्प बसतात. आम्हाला दोन्ही मान्य नाही. चार ओळींचे उत्तर जरूर द्यावे.

आमच्या परिचयातील एका भगिनीचे उदाहरण घेऊ. त्या बी.कॉम. आहेत, एका खासगी कंपनीत सिनिअर अकाउंट्स ऑफिसर आहेत आणि त्यांचा अनुभव बारा वर्षांचा आहे. वर्षाचे पॅकेज नऊ लाख. त्यांना अकाउंट्स एक्झिक्युटिव्हची जागा सुचवली गेली. अनुभव दोन ते चार वर्षे, पॅकेज चार लाख. भगिनी चिडल्या, आणि ते साहजिकच होते.

परंतु असे का घडते ते पाहावे. कन्सल्टंट नोकरीच्या संकेतस्थळावर 'टॅली', 'जीएसटी' असे शब्द टाकून नावे काढतो. आपल्या माहितीत पहिल्या नोकरीचे पद नि कामे ठळक असतील आणि आजचे पद एका ओळीत असेल, तर यादीत आपण नवशिक्यांबरोबर येतो. म्हणजे यात अपमानापेक्षा घाई अधिक. दुसरे असे की कन्सल्टंटला मेहनताना कंपनी देते आणि बहुधा तो निवडलेल्या माणसाच्या वार्षिक पगाराच्या टक्क्यांत असतो. मोठ्या जागेवर माणूस लागला तर त्याचाही लाभ मोठा. तेव्हा आपली खरी पायरी त्याला कळणे त्याच्याही हिताचे आहे. (उमेदवाराकडेच पैसे मागणारा मात्र लांबच ठेवावा.)

नकार देण्यापूर्वी एक प्रश्न विचारावा, कारण पदाचे नाव फसवे असते. एका कंपनीतला 'एक्झिक्युटिव्ह' दुसरीकडच्या 'ऑफिसर'इतके काम करतो. म्हणून हाताखाली किती माणसे आणि पॅकेजमध्ये ठरलेला भाग किती, हे विचारावे. पॅकेजच्या आकड्यात कंपनीचा भविष्यनिर्वाह निधीचा हिस्सा, ग्रॅच्युइटी आणि कामगिरीवर मिळणारी रक्कमही धरलेली असते. दोन आकडे ताडताना हे सर्व सारखे करून घ्यावे. आमच्या भगिनींनी विचारले तेव्हा हाताखाली कोणी नाही आणि चार लाखांवर एक रुपया नाही, असे उत्तर आले. मग शंका उरली नाही.

त्यांनी लिहिलेले उत्तर साधारण असे होते:

'नमस्कार. आठवण ठेवून कळवल्याबद्दल आभार. मी सध्या सिनिअर अकाउंट्स ऑफिसर असून मला बारा वर्षांचा अनुभव आहे, तीन जणांचे काम माझ्या देखरेखीखाली चालते. ही जागा माझ्या पायरीशी जुळत नाही. अकाउंट्स मॅनेजर किंवा तत्सम जागा, वार्षिक साडेदहा लाखांपासून पुढे, पुण्यात असेल तर जरूर कळवावे. नोटीस दोन महिन्यांची आहे.'

यात राग नाही, विनवणीही नाही. पद, आकडा, गाव आणि नोटीस या चार गोष्टी आल्या की कन्सल्टंट नाव योग्य रकान्यात टाकू शकतो. अपेक्षेचा आकडा मोघम ठेवू नये. 'चांगला पगार हवा' या वाक्याला काहीच अर्थ उरत नाही. आपल्या घरांत पगाराचा आकडा स्वतःहून बोलणे उद्धटपणाचे मानले जाते. इथे न बोलणेच महाग पडते.

'मिळते आहे तर घे, नंतर वाढेल' असा सल्ला घरचे देतात. हिशेब मांडून पाहावा. पुढची कंपनी पुष्कळदा शेवटच्या पगारावर टक्के चढवून पगार ठरवते. चार लाखांवर तीस टक्के चढले तरी पाच लाख वीस हजारच होतात. आज असलेल्या नऊ लाखांपर्यंत पोचायला अशा तीन उड्याही पुरत नाहीत, तिसरीलाही आठ लाख एकोणऐंशी हजारांपाशीच थांबावे लागते. तेव्हा खाली उतरणे हा तात्पुरता निर्णय नसतो.

अपवाद आहेत. नोकरी गेली असेल, बाळंतपणानंतर वर्षे मध्ये गेली असतील किंवा क्षेत्रच बदलायचे असेल, तर खालची जागा विचारपूर्वक घेता येते. मग मात्र सहा महिन्यांनी पगाराचा फेरविचार होईल हे नेमणूकपत्रात लिहून घ्यावे. तोंडी शब्दावर विसंबू नये.

आणि उत्तर पाठवल्यावर त्याच रात्री संकेतस्थळावरील आपली माहिती उघडावी, आजचे पद सर्वांत वर आणावे, जुन्या पदाची कामे दोन ओळींत आटोपावीत. हे केले नाही, तर पुढच्या आठवड्यात तसाच फोन पुन्हा येईल.