आजारपणात पलंग वेगळा करताना

अर्धांगवायूचा पेशंट हॉस्पिटलमधून घरी येतो, तेव्हा घरात सगळ्यात आधी हलतो तो पलंग. हॉलमध्ये भाड्याचा फाउलर कॉट लावतात. त्यावर पेशंट झोपतो आणि त्याची बायको खाली गादी टाकते. पंचवटीत घरी व्हिजिटला जातो तेव्हा हेच चित्र मला वर्षानुवर्षे दिसते आहे, जुन्या वाड्यात आणि नव्या फ्लॅटमध्येही. पहिले काही आठवडे ही सोय योग्यच असते. पण पेशंट काठी घेऊन चालू लागतो, तरी कॉट हॉलमध्येच राहतो. चाळीस वर्षे शेजारी झोपलेल्या दोन माणसांना आपण कायमचे वेगळे करून टाकले, हे मुलासुनेच्या लक्षातही येत नाही. आणि ते दोघे याबद्दल बोलणार तरी कोणाशी?

आज त्याबद्दलच लिहितो आहे. पती-पत्नीची जवळीक म्हणजे शरीरसंबंधही आणि नुसते हात हातात घेऊन झोपणेही. मराठीत या विषयावर उघड लिहिणे नवीन नाही, र. धों. कर्वे यांनी 'समाजस्वास्थ्य' १९२७ साली सुरू केले होते. तरीही साठीच्या पुढच्या पेशंटला आम्ही डॉक्टर शुगर विचारतो, झोप विचारतो, हे मात्र विचारत नाही.

एक उदाहरण घेऊ. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. काका अडुसष्ट वर्षांचे, मेंदूच्या डाव्या बाजूला गुठळी होऊन उजवा हात-पाय गेलेला, बोलणे अडखळते. काकू त्रेसष्ट वर्षांच्या. झटक्याला सव्वा वर्ष झाले होते. काकू माझ्याकडे आल्या त्या कंबरदुखी आणि झोप न लागण्यासाठी. बोलता बोलता म्हणाल्या, "डॉक्टर, रात्री हे हात धरतात आणि मला नको होतं. सकाळी ह्यांचं सगळं धुवायचं, पुसायचं, आणि रात्री मी पुन्हा बायको व्हायचं, ते जमत नाही हो." काका इकडे चिडचिडे झाले होते, फिजिओथेरपीलाही नकार देत होते. घरातल्यांनी त्याला 'म्हातारचळ' असे नाव देऊन टाकले होते.

काकूंना वाटत होते ते पाप नाही आणि त्यांचे प्रेम आटले असेही नाही. दिवसभरात त्या काकांच्या अंगाला वीस वेळा हात लावतात, पण तो हात कामाचा असतो: कूस बदलणे, लघवीचे भांडे देणे, अंग पुसणे. अंगाला तोच स्पर्श ओळखीचा होऊन बसतो. काकांच्या बाजूनेही तसेच. ज्या बाईपुढे रोज उघडे व्हावे लागते, तिच्यापुढे पुरुष म्हणून उभे राहायची त्यांना लाज वाटते. म्हणून माझा पहिला सल्ला औषधाचा नसतो. आंघोळ आणि शौचाचे काम, निदान सकाळचे दोन तास, दुसऱ्या कोणाकडे द्या. मुलगा करू शकतो, नाहीतर दोन तासांसाठी माणूस ठेवता येतो. पैसे लागतात हे खरे, पण या घरात महिन्याला कंबरदुखीच्या गोळ्यांवर आणि मालिशवरही खर्च होतच होता. काकूंच्या मुलाने आंघोळीचे काम घेतले. सुरुवातीला काकांनी कुरकुर केली, मग सवय झाली.

दुसरे काम पलंगाचे. फाउलर कॉट साधारण तीन फूट रुंद असतो, त्यावर दोन माणसे मावत नाहीत. पाठीला जखमा असतील, नाकातून नळी असेल किंवा पेशंटला स्वतः कूस बदलता येत नसेल, तर कॉट ठेवाच, पण शेजारी त्याच उंचीचा दिवाण लावा. काका मात्र स्वतः उठून बसत होते. त्यांना आतल्या खोलीतला जुना पलंग चालणार होता, फक्त कडेला बसल्यावर दोन्ही पाय जमिनीवर सपाट टेकतील एवढी उंची हवी. कोण कोणत्या बाजूला झोपायचे हेही मी सांगितले. काकांच्या उजव्या अंगाला स्पर्श नीट कळत नव्हता. म्हणून काकूंनी डावीकडे झोपायचे, म्हणजे काकांना स्पर्श कळतो आणि चांगला हात मोकळा राहतो. दुबळा हात ओढायचा नाही, कारण तो खांदा सांध्यातून खाली सरकलेला असू शकतो. त्याखाली उशी द्यावी.

मग औषधांची चिठ्ठी पाहिली. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी, उदाहरणार्थ ॲटेनोलॉल किंवा क्लोरथॅलिडोन, पुरुषाची ताठरता कमी होऊ शकते. झटक्यानंतरच्या नैराश्यामुळे इच्छा जाते आणि त्यावरच्या काही गोळ्यांनीही जाते. काकांची चिडचिड बरीचशी नैराश्याची होती. गोळी स्वतःहून बंद करू नका, बदलून मागा. आणि मेडिकलमधून सिल्डेनाफिल परस्पर आणू नका. छातीच्या दुखण्यासाठी नायट्रेटची किंवा जिभेखालची गोळी चालू असेल, तर या दोन्हींमुळे रक्तदाब एकदम कोसळून जीव जाऊ शकतो.

"संबंधामुळे परत झटका येईल का?" हा प्रश्न काकांनी विचारलाच नाही, काकूंनी विचारला. रक्तदाब ताब्यात असेल आणि हृदय तपासलेले असेल, तर हा धोका फार कमी असतो. पेशंट उताणा किंवा कुशीवर आणि मेहनत दुसऱ्याची, असे केले म्हणजे दमणूकही कमी होते. आधी लघवी करून घ्यावी. आत बसवलेली नळी असेल तर ती स्वतः काढू नये, आम्हाला विचारावे. छातीत दुखले, डोके असह्य दुखू लागले किंवा नव्याने अंग लुळे वाटले, तर लगेच थांबून हॉस्पिटल गाठावे. पाळी गेलेल्या बाईला कोरडेपणाने दुखते. पाण्याचा बेस असलेले जेल मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय मिळते, त्याने भागले नाही तर स्त्रीरोगतज्ज्ञ क्रीम देतात. दुखते म्हणून नको असेल तर ते सोसायचे नसते.

काकू-काकांचे पुढे काय झाले, असे तुम्ही विचाराल. सांगायचे तर शरीरसंबंध पूर्वीसारखे झाले नाहीत. पण दोघे आता एका पलंगावर झोपतात, काकूंची झोप सुधारली आणि काका फिजिओथेरपीला बसू लागले. तेवढ्यावर दोघे समाधानी आहेत, मग डॉक्टरने आणखी काय मोजायचे?

म्हातारचळ हा शब्द मात्र जपून वापरा. नवरा अचानक दिवसातून तीनचार वेळा मागणी करू लागला, चारचौघांत नको तसे वागू लागला, तर ते मेंदूच्या आजाराचे किंवा औषधाचे लक्षण असू शकते. पार्किन्सनसाठीच्या प्रॅमिपेक्सोल आणि रोपिनिरोल या गोळ्यांनी काही पेशंटमध्ये असे होते आणि डोस कमी केल्यावर उतरते. बायका हे लाजेने सांगत नाहीत आणि महिनोन्महिने सोसतात.

स्मृतिभ्रंशाच्या घरात प्रश्न आणखी वेगळा. जोडीदार आपल्याला ओळखत नसेल, स्पर्शाला आक्रसत असेल, हात दूर सारत असेल, तर तो नकार आहे, त्याला शब्दांची गरज नाही. आणि सेवा करणाऱ्याचा नकारही तितकाच खरा असतो. नवऱ्याचे सगळे करते म्हणून बायकोने हेही केलेच पाहिजे, असा कुठलाही नियम मला माहीत नाही. काकूंसारख्या कोणी माझ्याकडे आल्या, की मी पेशंटला बाहेर बसवून त्यांच्याशी पाच मिनिटे एकटीशी बोलतो. तुमच्या डॉक्टरांकडेही अशी पाच मिनिटे मागा. सुरुवात सुचत नसेल तर एवढेच म्हणा, "आम्ही वेगळे झोपतो, त्याबद्दल विचारायचं होतं."