अर्जात जातीचा रकाना नाही, पत्त्याचा आहे

परदेशात नोकरी ठरली की पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट, म्हणजे पीसीसी, मागितलं जातं. नाव ऐकून वाटतं की प्रश्न फक्त गुन्ह्यांचा असणार. आपल्यावर केस नाही, मग अडचण कसली? माझ्या मामेबहिणीलाही तसंच वाटलं होतं. ती नर्स आहे, घराण्यातली पहिली पदवीधर. ब्रिटनमधल्या एका रुग्णालयात तिची निवड झाली. तिच्या नावावर कुठल्याच ठाण्यात काही नव्हतं. तरी तिचा पोलीस अहवाल प्रतिकूल आला, आणि कारण होतं पत्ता.

आधी ही प्रक्रिया समजून घेऊ. भारतीय पासपोर्टधारकाला परदेशासाठीची पीसीसी पासपोर्ट कार्यालय देतं, पोलीस फक्त पडताळणी करून अहवाल पाठवतात. passportindia.gov.in वर खातं उघडायचं, "Apply for Police Clearance Certificate" निवडायचं, अर्ज भरून ५०० रुपये भरायचे आणि पासपोर्ट सेवा केंद्राची वेळ घ्यायची. सप्टेंबर २०२२ पासून पोस्टातल्या पासपोर्ट केंद्रांतही हा अर्ज देता येतो, त्यामुळे तालुक्याच्या मुलांचा मोठ्या शहराचा एक फेरा वाचला आहे. केंद्रात कागद तपासून झाले की अर्ज पोलिसांकडे जातो, शिपाई किंवा हवालदार पत्त्यावर चौकशी करतो आणि अहवाल परत येतो.

अर्जात देश आणि कारण लिहावं लागतं. नोकरी, दीर्घ मुदतीचा व्हिसा, तिथला रहिवासी दर्जा किंवा स्थलांतर, एवढ्याच कारणांसाठी पीसीसी मिळते. टुरिस्ट व्हिसावर जाणाऱ्याला ती मिळत नाही. त्यामुळे एखादा एजंट "आधी टुरिस्ट व्हिसावर जा, पीसीसीची भानगड नको" म्हणाला, तर तिथेच थांबावं. त्याचा अर्थ तुमच्या हातात नोकरीचा कायदेशीर कागद नाही असा होतो. प्रमाणपत्रावर देशाचं नाव छापलेलं असतं, म्हणून नियुक्तिपत्रात जो देश आणि जे काम आहे तेच अर्जात लिहायचं. देश बदलला तर अर्जही नवा आणि फीही नवी.

आता पत्त्याकडे येऊ. बहिणीचा पासपोर्ट २०१९ चा, कॉलेजात असताना काढलेला. त्यावर गावाचा पत्ता होता आणि त्या पत्त्यात "महारवाडा" हा शब्द होता. डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावं बदलण्याचा निर्णय घेतला आणि समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर अशी नावं सुचवली. पुढे तिच्या वस्तीचं नाव समतानगर झालं आणि तिने आधार कार्डावर ते बदलून घेतलं. घर तेच, उंबरा तोच, पण दोन सरकारी कागदांवर दोन नावं. केंद्रातल्या खिडकीवर पहिला प्रश्न हाच आला: या दोन जागा वेगळ्या आहेत का? रांगेत उभ्या असलेल्या अनोळखी माणसांसमोर तिला सांगावं लागलं की पूर्वी आमच्या वस्तीला अमुक म्हणायचे. अर्जात जात विचारत नाहीत, तरी तिला ती मोठ्याने सांगावी लागली.

दुसरी अडचण सध्याच्या पत्त्याची होती. ती पुण्याजवळ दोन सहकारी नर्सेससोबत भाड्याच्या खोलीत राहायची. अकरा महिन्यांचा करार होता, पण एकाच मैत्रिणीच्या नावाने. करार करताना घरमालकाने तिघींची आडनावं विचारली आणि मग म्हणाला, "कागदावर त्यांचंच नाव राहू दे, तुम्ही राहा की." भाडं तिघी सारखंच भरायच्या. पोलीस आले तेव्हा ती ड्युटीवर होती. शेजारच्या काकूंनी सांगितलं, "दोन-तीन मुली राहतात, नावं माहीत नाहीत." करारात तिचं नाव नाही, शेजाऱ्यांना ती माहीत नाही. अहवालात लिहिलं गेलं की अर्जदार या पत्त्यावर राहत नाही.

काही दिवसांनी पासपोर्ट कार्यालयाचं खुलासा मागणारं पत्र आलं. इथे घाबरून नवा अर्ज भरणारे पुष्कळ असतात. नव्या अर्जाने जुना अहवाल पुसला जात नाही, आणि तेच कागद जोडले तर निकालही तोच येतो. पत्राला लेखी उत्तर द्यायचं, पुरावे जोडायचे आणि पुन्हा पडताळणी मागायची. तिने तीन कागद उभे केले. पहिला, तिघींच्या नावाचा नोंदणीकृत भाडेकरार. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची असते. हे कलम दाखवल्यावर घरमालक नाखुशीने तयार झाला. दुसरा, रुग्णालयाचं पत्र, त्यात तिचा राहता पत्ता आणि ड्युटीच्या वेळा. तिसरा, ग्रामपंचायतीचा दाखला: पूर्वीची अमुक वस्ती आणि आजचं समतानगर ही एकच जागा आहे. नामांतराच्या ठरावाची प्रतही त्याला जोडली. दुसऱ्यांदा पोलीस आले तेव्हा ती घरी थांबली होती. पीसीसी मिळाली, पण मधल्या काळात रुग्णालयाने दिलेली रुजू होण्याची तारीख एकदा पुढे ढकलून घ्यावी लागली. दुसऱ्यांदा ती पुढे गेली नसती.

अर्ज करणाऱ्यांनी यातून एक गोष्ट घ्यावी. अर्जाआधी पासपोर्ट, आधार, बँक पासबुक आणि भाडेकरार शेजारी शेजारी ठेवून पत्ता शब्दशः वाचावा. जिथे फरक दिसेल तिथे तो जोडणारा कागद आधीच काढून ठेवावा. खोलीवर नुकतेच आला असाल तर "कधीपासून राहता" याची खरी तारीख लिहावी, जुनी तारीख टाकली तर चौकशीत उघडी पडते. मागच्या दहा वर्षांत कुठे राहिलात याचीही यादी करून ठेवावी. ब्रिटनमध्ये नर्सिंगसारख्या कामाच्या व्हिसासाठी, अठरा वर्षांनंतर गेल्या दहा वर्षांत ज्या ज्या देशात एकूण बारा महिने राहिलात त्या प्रत्येक देशाचं प्रमाणपत्र लागतं. मध्ये दोन वर्षं आखातात काम केलं असेल तर तिथलंही आणावं लागेल, आणि ते इथे बसून मिळवायला वेळ लागतो.

पण सगळा भार अर्जदारावर टाकून विषय संपत नाही. वस्तीचं नाव सरकारनेच बदललं आहे. मग जुनं आणि नवं नाव जोडणारी यादी पासपोर्ट कार्यालयांकडे आणि पोलीस ठाण्यांकडे सरकारनेच पाठवायला हवी. नामांतराचा फायदा घ्यायला गेलेल्या मुलीला त्याच नामांतराचा पुरावा गोळा करत फिरावं लागू नये. पडताळणीत "राहत नाही" हा शेरा केवळ शेजाऱ्याच्या एका वाक्यावर लिहिला जाऊ नये. आधी अर्जदाराला फोन करून दुसरी वेळ द्यावी आणि शेरा कशाच्या आधारे लिहिला हे पत्रात नमूद करावं. हवालदाराला फार वाईट हेतू असतो असं मी म्हणत नाही. पण ज्यांच्या नावाने करार होतो आणि ज्यांना शेजारी नावाने ओळखतात, त्यांच्यासाठी ही पद्धत सोपी आहे. ज्यांचं आडनाव ऐकून करारातून नाव वगळलं जातं, त्यांच्या बाबतीत घरमालकाचा जातिभेद पोलीस अहवालात "राहत नाही" असा शेरा होऊन उतरतो.

बहीण आता तिकडे आहे. तिथे घर भाड्याने घेताना तिने पहिल्याच दिवशी विचारलं की करारावर माझं नाव असेल ना. एजन्सीच्या बाईंना हा प्रश्न का विचारला तेच कळेना.