ग्रहणाची सूचना : वेळापत्रक की वैद्यकीय इशारा?

7 सप्टेंबर 2025 च्या खग्रास चंद्रग्रहणासाठी तिरुमला देवस्थानाने काढलेली सूचना नीट वाचण्यासारखी होती. ग्रहणाचा स्पर्श रात्री 9:57 ला, मोक्ष 1:26 ला होता. मंदिराचे दरवाजे मात्र दुपारी साडेतीनलाच बंद होणार होते आणि पहाटे तीनला उघडून, शुद्धी व पुण्याहवाचन झाल्यावर दर्शन सकाळी सुरू होणार होते. अशी सूचना निघाली की दोन बाजूंनी गलका होतो. एक पक्ष म्हणतो, ग्रहणातले किरण अन्न विषारी करतात म्हणून हे बंधन आहे. दुसरा म्हणतो, किरणांची ही गोष्ट खोटी, तेव्हा मंदिर बंद ठेवणेच मूर्खपणाचे. एकमेकांशी भांडणारे हे दोघे एकच गोष्ट गृहीत धरतात : सूचना अन्नाच्या गुणधर्माबद्दल आहे. ती तशी नाही, हे पंचांगाच्याच नियमांवरून दाखवता येते.

5 मे 2023 ला छायाकल्प चंद्रग्रहण झाले, भारतातून दिसण्याजोगेही होते, पण ते पाळायचे नाही असे पंचांगांनी सांगितले. ज्या गावी ग्रहण दिसत नाही तिथेही वेध नाहीत. अन्न खरेच बिघडत असते तर ते ग्रहण दिसण्यावर अवलंबून राहिले नसते. वेधाचा आरंभही सगळीकडे एक नाही. सप्टेंबरच्या त्या ग्रहणाचे वेध आपल्याकडच्या पंचांगांनी तीन प्रहर आधीचे, म्हणजे दुपारी साडेबाराच्या सुमाराचे धरले, तर तिरुमलाने स्पर्शापूर्वी सुमारे साडेसहा तास दरवाजे लावले. तिरुपतीजवळच्या श्रीकालहस्तीला तर ग्रहणातही मंदिर उघडेच असते, राहु-केतूंच्या पूजेसाठी. सगळ्यात बोलका पुरावा म्हणजे बालक, वृद्ध, आजारी आणि गर्भवती यांना दिलेली सवलत : त्यांचे वेध उशिरा, सायंकाळी सुरू होतात. विषबाधेची भीती असती तर सर्वांत आधी यांनाच आवरले असते. ही आचाराची मर्यादा आहे आणि ती माणूस पाहून सैल होते.

मग मंदिर बंद कशाला, हा दुसऱ्या पक्षाचा आक्षेप उरतो. शेजारतीनंतर दार लागते त्याला कोणी वैज्ञानिक कारण विचारत नाही. देवाचा दिनक्रम देवस्थानाने ठरवायचा, आणि नैवेद्याआधी शुद्धी हा त्या दिनक्रमाचाच भाग आहे. ‘पण लोक घाबरतात’ हे म्हणणे मात्र खरे आहे, आणि त्याचा दोष सूचनेच्या अर्धवट मजकुराकडे जातो. ‘ग्रहणकाळात भोजन वर्ज्य’ एवढेच छापले की इन्सुलिन घेणारी आजीही संध्याकाळपासून उपाशी बसते. तिरुमलाने अन्नछत्र बंद ठेवताना भाविकांसाठी पुळिहोराची, म्हणजे चिंचभाताची पाकिटे ठेवली होती, हे इथे लक्षात घ्यावे. आपल्या देवस्थानांनीही गावाच्या स्पर्श-मोक्षाच्या वेळा, बदललेल्या आरतीची वेळ, मोक्षानंतर स्नान करून जेवण्याची मुभा, आणि त्याच टाइपात, तळटिपेत नव्हे, ‘आजारी, गर्भवती व मुलांनी वेळेवर खावे, औषध चुकवू नये’ असे छापावे.